सल्ला हवा: सिक्युरिटी ग्रुप बरोबर आहे तरी पोस्टग्रेस टाइमआउट. नेटवर्क एसीएल ठेवावा की काढावा?

रानजाई

मी मूळची बॅकएंडवाली. इन्फ्रा बघणारे दादा नोकरी सोडून गेले आणि एडब्ल्यूएसचं खातं माझ्या गळ्यात पडलं. ॲप `10.0.1.0/24` मध्ये, पोस्टग्रेस `10.0.2.0/24` मध्ये, आमच्याच ईसीटू मशीनवर. ऑडिटरने लिहून दिलं की डेटाबेसच्या सबनेटला स्वतंत्र नेटवर्क एसीएल हवा. म्हणून नवा एसीएल केला, ॲपच्या सबनेटसाठी हे नियम घातले आणि डेटाबेसच्या सबनेटला लावला:

```
Inbound   100  TCP  5432  10.0.1.0/24  ALLOW
Outbound  100  TCP  5432  10.0.1.0/24  ALLOW
```

त्या क्षणापासून ॲप आडवं. refused वगैरे काही येत नाही, नुसतं लटकतं आणि मग टाइमआउट. सिक्युरिटी ग्रुपमध्ये इनबाउंड ५४३२ आहे, त्याला मी हात लावलेला नाही. एसीएल दुरुस्त करू की जुना डीफॉल्ट परत लावून ऑडिटरशी वाद घालू?

खटपट्या

प्रायव्हेट सबनेट म्हणताय ना? मग राउट टेबलमध्ये नॅट गेटवेकडे जाणारी ओळ आहे का ते आधी बघा. माझंही सेम झालं होतं.

रानजाई

दादा, इंटरनेटचा संबंधच नाही. दोन्ही मशीन एकाच व्हीपीसीत आहेत, आणि जुना एसीएल लावला की लगेच चालतं.

संत्रानगरी

मी ॲझ्युरवर काम करतो. आमच्याकडे एनएसजी सबनेटला लावा नाहीतर नेटवर्क कार्डाला, परतीचं ट्रॅफिक आपोआप जातं. तुमच्याकडे तसं होत नसेल तर आउटबाउंडचा नियम लागेलच, पण तो तुम्ही घातलाय. पोस्टग्रेसचं उत्तर ५४३२ वरूनच निघतं, म्हणजे नियमही बरोबर दिसतोय. गडबड दुसरीकडे असावी.

सह्यकडा

संत्रानगरी, उत्तर ५४३२ वरून निघतं हे खरं. पण एसीएलच्या नियमात जो पोर्ट लिहितो तो पॅकेट जिथे चाललंय तिथला असतो, आउटबाउंडमध्येसुद्धा. निघण्याचा पोर्ट लिहायला तिथे जागाच नाही.

रानजाई, तुमचं एक कनेक्शन धरून चालू. ॲप `10.0.1.25` वर आहे. लिनक्सने त्याला जोडणीसाठी रिकामा पोर्ट दिला, समजा ४१८२२. पहिलं पॅकेट ४१८२२ वरून ५४३२ कडे गेलं, तुमच्या इनबाउंड १०० नियमात बसलं, आत आलं. पोस्टग्रेसच्या मशीनने उत्तर दिलं, ते ५४३२ वरून ४१८२२ कडे. हे सबनेटच्या बाहेर पडताना एसीएलने पाहिलं तर चाललंय ४१८२२ कडे, आणि तुमचा नियम फक्त ५४३२ सोडतो. मग शेवटची `*` वाली ओळ लागली आणि पॅकेट तिथेच मेलं. ॲपला कोणी नकारही देत नाही, म्हणून refused नाही, टाइमआउट.

सिक्युरिटी ग्रुप मात्र जोडणीची नोंद ठेवतो. आत येताना दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट टिपलेले असतात, त्यामुळे उत्तर त्या नोंदीला जुळलं की तो आउटबाउंडचे नियम बघतच नाही. ग्रुपमधले सगळे आउटबाउंड नियम उडवले असते तरी हे उत्तर गेलं असतं. एसीएलला अशी स्मरणशक्ती नाही. त्याच्या लेखी ते उत्तर म्हणजे कुठून तरी ४१८२२ कडे निघालेलं एक पॅकेट, बस. जुन्या सिस्को राउटरवर निदान `established` लिहून टीसीपीचे फ्लॅग तपासता यायचे, इथे तीही सोय नाही.

खात्री करायची तर डेटाबेसच्या नेटवर्क इंटरफेसचे फ्लो लॉग चालू करा. अशी जोडी दिसेल (कामाचे रकाने तेवढे ठेवलेत):

```
10.0.1.25 10.0.2.40 41822 5432 6 ACCEPT
10.0.2.40 10.0.1.25 5432 41822 6 REJECT
```

जाताना ACCEPT आणि त्याच जोडणीचं उत्तर REJECT, असं दिसलं की एसीएलच. ग्रुपने अडवलं असतं तर पहिल्याच ओळीत REJECT आला असता आणि दुसरी ओळ आलीच नसती.

खटपट्या

मग आउटबाउंडला १०२४ ते ६५५३५ उघडा आणि मोकळे व्हा. सगळे तेच करतात.

सह्यकडा

इथे चालेल, कारण पलीकडे फक्त ॲपचं सबनेट आहे. पण डोळे झाकून नको. संभाषण कोणी सुरू केलं ते बघायचं, कारण परतीचा पोर्ट त्याने निवडलेला असतो. लिनक्स सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधून निवडतो, `sysctl net.ipv4.ip_local_port_range` ने कळतं. विंडोज ४९१५२ पासून वर. लोड बॅलन्सर आणि नॅट गेटवे १०२४ पासूनच. अरुंद पट्टा लिहून ठेवला आणि उद्या मध्ये लोड बॅलन्सर आला, तर काही जोडण्या लागतात, काही लटकतात. हा प्रकार पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त छळतो.

पायवाट

थोडं वेगळं, पण याच्याशीच जोडलेलं. आमच्याकडे एका बाहेरच्या माणसाचा प्रवेश काढायचा होता. ग्रुपमधून त्याचा आयपी काढला, तरी त्याचं चालू psql सेशन मस्त चालूच! ही नोंदीचीच करामत का?

सह्यकडा

हो. नोंद झालेली जोडणी नियम काढला म्हणून लगेच तुटत नाही, नवी तेवढी लागत नाही. तिथे एसीएल कामाचा, deny ची ओळ पडली की चालू जोडणीही थांबते. ग्रुपमध्ये deny लिहिताच येत नाही. फक्त त्या ओळीचा क्रमांक allow च्या क्रमांकापेक्षा लहान ठेवा, कारण एसीएल लहान क्रमांकापासून वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ लागू करून थांबतो.

रानजाई, माझं मत विचाराल तर खरी राखण ग्रुपवर ठेवा. ५४३२ च्या इनबाउंडला सोर्स म्हणून ॲपच्या ग्रुपचा आयडी द्या, आयपी नको. एसीएल ढोबळ राहू दे.

संत्रानगरी

हे नाही पटलं. कोणीतरी घाईत ग्रुपमध्ये `0.0.0.0/0` टाकतोच. त्या दिवशी कडक एसीएलच वाचवतो. दोन टप्पे असतील तर दोन्ही नेमके हवेत.

सह्यकडा

नेमका एसीएल सांभाळायला त्यांच्याकडे माणूस असेल तर खुशाल. सध्या नाहीये, असं त्यांनीच लिहिलंय.

रानजाई

आउटबाउंड १०० बदलून १०२४-६५५३५ केलं, फक्त `10.0.1.0/24` साठी. ॲप चालू! पण आता डेटाबेसच्या मशीनवर `apt update` लटकतंय. नॅट गेटवे दुसऱ्या सबनेटमध्ये आहे, तिथे डीफॉल्ट एसीएल आहे.

खटपट्या

बघा, आलं की नाही नॅट गेटवे शेवटी :)

सह्यकडा

या वेळी संभाषण डेटाबेसचं मशीन सुरू करतं, म्हणून सगळं उलट. आउटबाउंडला ८० आणि ४४३ `0.0.0.0/0` कडे. उबंटूचे आरसे बहुधा ८० वर असतात, फक्त ४४३ उघडून थांबू नका. इनबाउंडला सोर्स `0.0.0.0/0` लागेल, कारण परत येणाऱ्या पॅकेटवर नॅट गेटवेचा नाही, इंटरनेटवरच्या सर्व्हरचाच पत्ता असतो. आणि इथे खटपट्यांचा १०२४-६५५३५ लिहू नका, त्यात ५४३२ सुद्धा येतो, म्हणजे व्हीपीसीतल्या कुठल्याही सबनेटला एसीएलपुरता डेटाबेस मोकळा. पोर्ट तुमचं लिनक्स निवडणार आहे, तेव्हा ३२७६८-६०९९९ पुरेसा आहे.

संत्रानगरी

म्हणजे नेमकाच लिहायला लावलात ना एसीएल?