मदत हवी आहे: जेएमईमध्ये लेव्हेटिरासिटाम सोसत नसेल तर पुढे काय?

१९ वर्षांची मुलगी. सकाळी उठल्यावर हातांना झटके येतात, कंगवा हातातून उडतो. एकदा पूर्ण आकडीही आली. ती फोकल समजून कार्बामाझेपिन सुरू झालं आणि झटके वाढले. हे अपेक्षितच, कारण कार्बामाझेपिन, फेनिटॉइन फोकल आकडीत चालतात, पण मायोक्लोनस आणि अ‍ॅब्सेन्स बिघडवतात. ईईजीत जेएमईच दिसतंय.

व्हॅल्प्रोएट इथे सगळ्यात प्रभावी. पण वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं सोडा, गर्भाच्या मज्जारज्जूतला दोष हाच या वयात मोठा अडसर. म्हणून लेव्हेटिरासिटाम ५०० मिग्रॅ दोनदा दिलं. झटके थांबले, पण चिडचिड इतकी की घरचे हैराण.

आता लॅमोट्रिजिनचा विचार आहे: २५ मिग्रॅ रोज दोन आठवडे, मग ५० मिग्रॅ दोन आठवडे. घाई केली तर स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका वाढतो. शिवाय तेही कधीकधी मायोक्लोनस वाढवतं.

लेव्हेटिरासिटामचा डोस कमी करून लॅमोट्रिजिन जोडावं, की थेट बदलावं? लॅमोट्रिजिनवर झटके परतले, तर तुम्ही किती डोसपर्यंत वाट पाहता?