मदत हवी आहे: ३२७६८चा क्रिस्टल लावला, पण एलईडी सेकंदाला दोनदा लुकलुकतोय

इंदुरी_शेव
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिला घड्याळातला सेकंद कसा तयार होतो ते दाखवायचंय. जेल रोडवरून ४०६० आयसी आणि ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आणला. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चांदीची डबी आणि दोन केसासारखे पाय, त्यातला एक पहिल्याच दिवशी तुटला. दुसरा आणून १० आणि ११ नंबरच्या पिनांना जोडला, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले, शेवटच्या म्हणजे ३ नंबरच्या पिनेवर एलईडी.

लुकलुकतोय झकास, पण मिनिटाला १२० वेळा. तीनदा मोजलं. क्रिस्टल नकली आहे का?

दुसरा प्रश्न मुलीचा, आणि त्यावर मी निरुत्तर झालो. ३२७६८ असला वेडावाकडा आकडा का? सरळ ३०००० का नाही? शेवटी एलईडीच्या जागी जुन्या भिंतघड्याळाचा काटा चालवायचा बेत आहे.

बडोद्याचा_बंड्या
क्रिस्टल नकली नाही. ४०६०मध्ये वेग निम्मा करणाऱ्या चौदाच पायऱ्या असतात, तुम्हाला पंधरा हव्यात. आणि क्वार्ट्झ निसर्गतःच २च्या घातांत कंप पावतो, म्हणून तो आकडा.

जुना_सोल्डर
बंड्या, पहिलं वाक्य सोळा आणे खरं, दुसरं पार चूक. क्वार्ट्झला २चा घात कुठून कळणार? आत चिमट्यासारखा दोन बोटांचा काटा असतो. तो ३२७६८लाच थरथरावा अशा मापाने कापतात, टोकांवर धातूचा पातळ थर देतात आणि लेझरने तो कणाकणाने उडवत आकड्यावर आणतात. उद्या कुणी ३००००चा मागितला तर तोही कापता येईल. आकडा क्रिस्टलच्या नाही, मोजणाऱ्याच्या सोयीचा आहे.

शेवसाहेब, मुलीच्या हातात एक टिकटिक पेन द्या. बटण दाबलं की टोक बाहेर, पुन्हा दाबलं की आत. म्हणजे दोनदा दाबल्यावर टोक एकदा आत-बाहेर झालं. आता असं समजा, की पहिल्या पेनाचं टोक आत गेलं की दुसऱ्याचं बटण आपोआप दाबलं जातं, दुसऱ्याचं टोक आत गेलं की तिसऱ्याचं. फ्लिप-फ्लॉप म्हणजे हे पेन. कुणीही काही मोजत नाही, जो तो फक्त आपली बाजू पालटतो आणि प्रत्येक पेनापुढे वेग निम्मा होतो. ३२७६८चे १६३८४, मग ८१९२. असं चौदा वेळा झालं की २ उरतात. तेच तुमच्या एलईडीवर दिसतंय. पंधरावं पेन लावा, १ मिळेल.

आता ३००००. चौदा पेनं १६३८४पर्यंतच पुरतात, म्हणजे ३०००० मोजायलाही पंधराच लागणार. वर एक पहारेकरी हवा, जो सगळ्या पेनांकडे बघत बसेल आणि तीस हजार भरले की सगळ्यांची टोकं एकदम आत ढकलेल. हे जमत नाही असं नाही. पण पेनं तेवढीच, वर पहारेकऱ्याचा पगार. आपल्या डोळ्यांना ३०००० गोल दिसतो, सर्किटच्या डोळ्यांना ३२७६८.

नर्मदे_हर
मग २च्या घातांतला हाच का? १०२४ घेतला तर दहाच पेनं लागतील की.

जुना_सोल्डर
वेग कमी हवा तर क्वार्ट्झचा काटा लांब हवा. १०२४चा मनगटी घड्याळात बसवणं अवघड. १९६९च्या डिसेंबरात टोकियोत विकायला आलेल्या सेको अ‍ॅस्ट्रॉनमध्ये ८१९२चा होता, म्हणजे तेरा पेनं. वर जायचं तर सेल आड येतो. वीज खर्च होते ती बाजू पालटताना, आणि पहिलं पेन जितक्यांदा पालटतं जवळजवळ तितक्यांदाच पुढची सगळी मिळून. म्हणून शेवटी दोन पेनं वाढवली तर खर्च जाणवत नाही, पण क्रिस्टलचा वेग दुप्पट केला की साखळीचा अख्खा खर्च दुप्पट. शिवाय १६३८४ तरण्या कानाला ऐकू येऊ शकतं, ३२७६८ नाही.

ग्वाल्हेरची_मावशी
आमचं भिंतघड्याळ उन्हाळ्यात रोज दहा मिनिटं मागे पडतं. इथे पारा ४५ला जातो. क्रिस्टल बदलून घेऊ का?

जुना_सोल्डर
मावशी, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण हिशेब करूच. हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगात असतो, त्याहून गरम झाला काय किंवा गार झाला काय, मागेच पडतो. ४५ अंशांना साधारण दिवसाला सव्वा सेकंद. दहा मिनिटं म्हणजे ८६४००पैकी ६०० टिका, दर १४४ टिकांमागे एक गायब. एवढं क्रिस्टलच्या बापाच्यानेही होत नाही. टिक वाजते, पण काटा पुढे सरकत नाही. सेकंदकाटा आठ-नवाच्या चढावर जागच्या जागी थरथरतोय का बघा. थरथरत असेल तर सेल बदला. तरीही तसंच राहिलं, तर चक्रांत कचरा नाहीतर काटा काचेला घासतोय.

ग्वाल्हेरची_मावशी
नवावरच थरथरतो! सेल दिवाळीत घातला होता. कुठल्या दिवाळीत ते विचारू नका.

इंदुरी_शेव
काका, दोन फ्लिप-फ्लॉपची ४०१३ चिप आणली आणि पंधरावं पेन जोडलं. पण एलईडी मनाला येईल तसा पेटतोय, नुसता हात जवळ नेला तरी बिघडतो.

जुना_सोल्डर
सेट आणि रिसेट या पिना मोकळ्या सोडल्यात. दोन्ही ग्राउंडला लावा. चिपमधलं दुसरं पेन वापरत नसाल तर त्याच्याही पिना अधांतरी ठेवू नका. शिवाय तपासताना १० किंवा ११वर प्रोब लावू नका, प्रोबच्या वजनानेच दोलन बिघडतं, कधी थांबतं. साखळीतच ऐका: ७ नंबरच्या पिनेवर चौथी पायरी मिळते, तिथे पिझो बझर लावला तर २०४८चा किर्र आवाज येईल. तो आला म्हणजे क्रिस्टल जिवंत.

इंदुरी_शेव
बरोब्बर साठ! मुलीने स्टॉपवॉच धरून पाच मिनिटं मोजलं. आता काटा.

बडोद्याचा_बंड्या
सोपंय. हाच १ हर्ट्झ एका कपॅसिटरमधून घड्याळाच्या कॉइलला द्या.

जुना_सोल्डर
काटा सेकंदाला दोन घरं जाईल! त्या मोटरला एकदा सुलटा आणि एकदा उलटा झटका लागतो, प्रत्येक झटक्याला एक पाऊल. कपॅसिटरमधून लहर चढताना सुलटा झटका जातो, उतरताना उलटा. १ हर्ट्झमध्ये सेकंदाला एक चढ आणि एक उतार, म्हणजे दोन पावलं. ४०१३मधलं दुसरं पेनही साखळीत घ्या. दोन सेकंदांत एक लहर झाली की दर सेकंदाला एकच कड येईल, आणि प्रत्येक वेळी उलट दिशेची.

बडोद्याचा_बंड्या
हे डोक्यात आलंच नाही. सोळा पेनं मग.

नर्मदे_हर
पण ४०१३ पाच व्होल्टला एखाद-दुसरा मिलिअँपिअर देते. कॉइलला तेवढा पुरणार नाही, मध्ये ट्रान्झिस्टरची जोडी लागेल असं वाटतं.

इंदुरी_शेव
लावून बघितलं. काटा नुसता श्वास घेतल्यासारखा हलतो, पाऊल टाकत नाही. कॉइल मीटरवर १९० ओम दाखवतेय. ट्रान्झिस्टर कुठले घेऊ आणि दीड व्होल्टच्या कॉइलला पाचाचा झटका सोसवेल का? प्रदर्शन शनिवारी आहे.