'आफ्टर' म्हणजे नक्कल, सही असली तरी

"ऑक्शनच्या कॅटलॉगात 'आफ्टर राजा रविवर्मा' लिहिलंय आणि खाली 'बेअर्स सिग्नेचर' पण आहे, मग सही असून ओरिजिनल का म्हणत नाहीत?"

दादा, 'बेअर्स सिग्नेचर' म्हणजे चित्रावर सही दिसते, पण ती त्याच्या हातची आहे असं ऑक्शनवाले म्हणत नाहीत, तसं वाटलं असतं तर सरळ 'साइन्ड' छापलं असतं. आणि 'आफ्टर' म्हणजे त्याच्या चित्राची कुणीतरी केलेली नक्कल, ती १९०० ची असेल नाहीतर गेल्या वर्षीची, त्याची ते हमी घेत नाहीत.

'सर्कल ऑफ' असतं तर निदान काळ त्याचाच आणि त्याच्या प्रभावातला हात, एवढं तरी म्हटलं असतं. 'अट्रिब्युटेड टू' त्याच्याही वर, बहुतेक त्याचंच असं त्यांचं मत, पण मतच हां, पुढे चुकलं म्हणून पैसे परत मागायला सहसा जागा नसते, अटींचं पान वाचाच.

तरी ही लेबलं बदलतात, 'साल्वातोर मुंडी' हे ख्रिस्ताचं चित्र २००५ ला 'आफ्टर लिओनार्दो' म्हणून ११७५ डॉलरला गेलं आणि २०१७ ला लिओनार्दोचं म्हणून ४५ कोटी डॉलरवर, पण मध्ये कितीतरी वर्षांची साफसफाई आणि तज्ज्ञांची भांडणं आहेत (अजून चालूच).

आपल्या सोलापुरातल्या जुन्या घरांत लक्ष्मी-सरस्वती फ्रेममध्ये असतात त्या बहुतेक छापील ओलिओग्राफ. भिंग लावून चेहरा बघा, रंगाचे बारीक वेडेवाकडे ठिपके दिसले तर जुना दगडी छाप, एकसारख्या ओळीत दिसले तर अलीकडची कॅलेंडर छपाई. तुमच्या लॉटचा असा क्लोजअप मागवा, मगच बोली लावा.