प्रतिसाद: एकूण त्वरणाची दिशा

«फिरत्या चाकावरच्या बिंदूचं स्पर्शीय आणि अभिकेंद्री त्वरण काढलं, आता सरळ बेरीज करायची ना?»

नाही, दोन्ही एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. या प्रश्नाला वर आलेल्या उत्तरांत कुणी दिशेबद्दल लिहिलेलं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. तुर्भ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये फ्लायव्हीलच्या कडेला खडूची खूण केलेली असते. समजा त्रिज्या 0.3 मीटर आणि कोनीय त्वरण α = 2 रेडियन प्रति सेकंद वर्ग; कोनीय वेग ω, आणि चाक फिरलेला कोन θ. सुरू होताक्षणी त्या खुणेचं त्वरण 0.6 मीटर प्रति सेकंद वर्ग, तेही पूर्ण स्पर्शरेषेवर. चाक अर्धा रेडियन, म्हणजे जेमतेम 29 अंश फिरलं की ω² = 2αθ = 2, म्हणून अभिकेंद्री भागही 0.6 होतो. एकूण 0.85, त्रिज्येशी 45 अंशांत. एक फेरा पूर्ण झाला की अभिकेंद्री 7.5 वर जातो, स्पर्शीय 0.6 च राहतो, आणि कोन साडेचार अंशांवर येतो.

त्रिज्येशी होणाऱ्या या कोनाचा टॅन α/ω² = 1/(2θ) येतो. त्यात त्रिज्या नाही, α सुद्धा नाही! मात्र चाक स्थिर स्थितीतून निघालेलं हवं आणि α कायम हवा. लोकल ठाण्याहून सुटताना तिच्या चाकाच्या आसालाही पुढच्या दिशेने त्वरण असतं. तिथे रुळाच्या संदर्भात आसाचं त्वरणही सदिश पद्धतीने त्यात मिळवावं लागतं.