मदत हवी आहे: सीमेन अ‍ॅनालिसिसचा रिपोर्ट खराब आलाय, पण सॅम्पल देतानाच घोळ झाला होता

पूर्वेचा_पक्या:
नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे पण घरात कुणाशी बोलता येत नाहीये म्हणून इथे लिहितोय. माझं वय ३४, बायको ३२, दीड वर्ष झालं प्रयत्न चालू आहेत. डॉक्टरांनी मला सीमेन अ‍ॅनालिसिस करायला सांगितलं. लॅब दादरला, आम्ही डोंबिवलीला. लॅबमध्ये विचारलं तर म्हणाले इथे पेशंटच्या टॉयलेटमध्येच द्यावं लागेल, मला ते जमणार नव्हतं, मग त्यांनी डबी दिली आणि घरून आणा म्हणाले. घरी वन बीएचके, आईबाबा असतात, सकाळी पावणेआठला बाथरूममध्ये घाईत सॅम्पल घेतलं आणि सुरुवातीचं थोडं डबीच्या बाहेर गेलं. डबी बॅगेत टाकली, एसी लोकल पकडली, गाडी लेट, लॅबमध्ये पोचेपर्यंत ९:२५ झाले. काउंटरवर कुणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रिपोर्ट असा आहे: व्हॉल्यूम ०.९ मिली, काउंट ११ मिलियन पर मिली, पुढे जाणारे १८ टक्के, जागच्या जागी हलणारे १२, न हलणारे ७०, जिवंत ६२ टक्के, मॉर्फोलॉजी नॉर्मल ३ टक्के, पीएच ८. खाली मोठ्या अक्षरात ओलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया. ९७ टक्के खराब असं वाचून रात्रभर झोप नाही. हे खरं धरायचं का?

सह्याद्री_७७:
भाऊ घाबरू नका. टेस्टआधी वीर्य बाहेर न काढता किती दिवसांचा गॅप ठेवला होता? पुढच्या वेळी १०-१२ दिवस थांबा, साठा होतो, काउंट दुप्पट येतो. माझ्या मित्राने तेच केलं.

मृणाल_ठाणे:
माझ्या मिस्टरांचंही व्हॉल्यूम असंच कमी होतं, ०.३, त्यांना १२ वर्षांची शुगर आहे. मग डॉक्टरांनी सॅम्पलनंतर लगेच लघवी तपासायला लावली तर शुक्राणू लघवीत सापडले, म्हणजे उलटे मूत्राशयात जात होते. तुम्हीही लघवी तपासून घ्या, तेच असेल.

मायक्रोस्कोप_काका:
मी २० वर्षं अँड्रॉलॉजी लॅबमध्ये काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृणालताई, तुमच्या मिस्टरांची गोष्ट खरी आहे, पण पक्याला शुगर नसेल तर आधी साधं कारण बघू, त्याच्या डबीतून माल बाहेर गेलाय हे तो स्वतःच सांगतोय.

पक्या, बाहेर पडताना सगळं एकसारखं येत नाही. पहिल्या उसळीत बहुतेक शुक्राणू असतात, सोबत प्रोस्टेटचं पाणी. मागून येतो तो सेमिनल व्हेसिकलचा घट्टसर भाग, त्यात व्हॉल्यूम जास्त आणि शुक्राणू कमी. तुझं नेमकं पहिलं गेलं, म्हणजे डबीत आला तो बहुतेक मागचा, कमी शुक्राणूंचा भाग. पीएच ८ आलाय तेही याच्याशी जुळतं, मागचा भाग अल्कली असतो. प्रोस्टेटचं पाणी आंबट, तेच कमी पडलं. शेवटचे थेंब सांडले असते तर एवढा फरक पडला नसता.

आता नुसतं ११ बघू नकोस. व्हॉल्यूम गुणिले काउंट कर, ०.९ गुणिले ११ म्हणजे ९.९ मिलियन, साधारण ९९ लाख. पूर्ण सॅम्पलमध्ये खालची मर्यादा ३९ मिलियन धरतात. पण हा हिशोब सॅम्पल पूर्ण असेल तरच अर्थाचा, तुझ्या डबीवर तो लागूच होत नाही. तुझं खरं टोटल किती हे कुणालाच माहीत नाही.

हालचालीचं बघ. न हलणारे ७०, पण जिवंत ६२. म्हणजे फक्त ३८ टक्के मेलेले आहेत आणि बाकीचे ३२ टक्के जिवंत असून गप्प पडलेत. पावणेदोन तास, त्यात एसीच्या गारव्यात, हे होऊ शकतं. तपासणी अर्ध्या तासात सुरू झाली तर उत्तम, फार तर एका तासात. लॅबने कलेक्शन टाइम काय छापलाय ते बघ.

मॉर्फोलॉजी ३ म्हणजे ९७ टक्के बाळं खराब होतील असा अर्थ लावू नकोस. शुक्राणूच्या आकाराचे नियम इतके कडक असतात की चांगल्या बापांचीही खालची मर्यादा ४ टक्केच आहे.

सह्याद्री, काउंट वाढतो हे बरोबर, पण जुने शुक्राणू साचून हालचाल पडते. म्हणून २ ते ७ दिवस ठरवलेत. आणि दोन्ही टेस्टला गॅप एकच ठेवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार.

एक सांग, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?

पूर्वेचा_पक्या:
काका, कलेक्शन टाइम ९:२५ छापलाय! म्हणजे मी डबी दिली तीच वेळ. आणि हो, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू झाला होता, चार दिवस १०३ ताप. टेस्ट १४ ऑक्टोबरची. गॅप ४ दिवसांचा होता. शुगर नाही.

मायक्रोस्कोप_काका:
मग हा तिसरा मुद्दा, आणि तो घोळ झाला नसता तरी राहिला असता. शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात, मग बाहेर येईपर्यंत आणखी दहा-पंधरा. डेंग्यूच्या तापात जे कच्चे होते तेच तू ऑक्टोबरमध्ये दिलेस. आता लगेच नीट सॅम्पल दिलंस तरी आकडे कमी येऊ शकतात, म्हणून मी डिसेंबर उजाडू दिला असता.

मृणाल_ठाणे:
काका, पण दीड वर्ष गेलंय त्यांचं, आणखी दीड महिना नुसतं थांबायचं? आमचं असंच थांबण्यात वर्ष गेलं. मी तर म्हणते आत्ता एक करा आणि डिसेंबरला एक, आणि बायकोच्या टेस्ट तोवर करून घ्या.

मायक्रोस्कोप_काका:
ताई, बायकोच्या टेस्टचं एकदम बरोबर, ते कशासाठीच थांबवू नये. आत्ताची टेस्ट करावी की नाही यावर आमच्या लॅबमध्येही दोन मतं असतात. खराब आली तर माणूस उगाच खचतो, पण पूर्ण डबीत व्हॉल्यूम खालच्या मर्यादेच्या, म्हणजे १.४ मिलीच्या वर जातंय का एवढं तरी कळतं. डॉक्टरांना डेंग्यूची तारीख सांगून त्यांच्याशी ठरवा.

पूर्वेचा_पक्या:
सॅम्पल देण्याचं काय करू? टॉयलेटमध्ये दार ठोठावतात हो लोक.

मायक्रोस्कोप_काका:
दादरचा हट्ट सोड. डोंबिवली-कल्याणमध्ये अशी लॅब शोध जिथे स्वतंत्र खोली आहे, फोनवर विचार, बायकोला सोबत येऊ देतात का तेही विचार, बरेच जण देतात. घरूनच नेणार असशील तर रिक्षाने अर्ध्या तासात पोचेल अशी. आधी लघवी करून घे, हात आणि जागा धुऊन साबण पूर्ण काढ, कोरडं कर. तेल, क्रीम, थुंकी काही नाही, नेहमीचा कंडोमही नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. हाताने जमतच नसेल तर याच कामासाठी मिळतो तो वेगळा कंडोम लॅबकडे माग. डबी रुंद तोंडाची घे, झाकण आधीच काढून ठेव, घट्ट लाव आणि बॅगेत न टाकता बनियनच्या आत अंगाशी ठेव. बर्फ नको, उन्हात नको. डबीवर वेळ स्वतः लिही. आणि थेंबभर सांडलं तरी सांग, पहिलं की शेवटचं तेही. ते रिपोर्टवर लिहिणं लॅबचं काम आहे, पण तू सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं.

सह्याद्री_७७:
काका, माझ्या रिपोर्टवर काउंटचं नॉर्मल १५ मिलियन लिहिलंय, दुसऱ्या लॅबने १६ लिहिलंय. कोण चूक?

मायक्रोस्कोप_काका:
दोघंही नाही. डब्ल्यूएचओच्या २०१० च्या पुस्तकात १५ आहे, २०२१ च्या पुस्तकात १६. आणि ही पास-नापासची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ती हद्द आहे. म्हणजे त्या रेघेखालचेही काही बाप झालेलेच आहेत.

पूर्वेचा_पक्या:
आज बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली डेंग्यूच्या वेळचा हॉस्पिटलचा कागद शोधून फाईलला लावून ठेव, डॉक्टरांकडे शनिवारी जातोय. कल्याणच्या एका लॅबला फोन केला, खोली आहे म्हणाले, आतून कडी लागते का तेही विचारलं, लागते. आता टेस्ट आत्ता करायची का डिसेंबरला ते शनिवारी कळेल, इथेच लिहीन.