‘तुरट’च्या विरुद्ध काय?

वैदेही_ठाणे
शेजारच्या पाचसहा मुलांची मराठीची शिकवणी घेते. विरुद्धार्थी शब्दांसाठी वीस विशेषणांची यादी केली. उंच, धारदार, जिवंत वगैरे पटापट झाली. अडकले ती अशी: कच्चा, ओला, खारट, तिखट, तुरट, जांभळा. ‘तुरट’पुढे एका मुलाने ‘अतुरट’ लिहिलंय. चूक द्यायला हात धजत नाही, कारण बरोबर उत्तर मलाच ठाऊक नाही.

बंडू_नाना
सोपं आहे. पुढे अ, अन, नि, बे, बिन यांपैकी काहीतरी लावायचं. शक्य-अशक्य, जबाबदार-बेजबाबदार. आमच्या वेळी गुरुजींनी हेच शिकवलं होतं.

शब्दवेडा
नाना, थोड्या शब्दांना चालतं ते. पण ‘जड’ आणि ‘अवजड’ घ्या. पुढे ‘अव’ लागलाय, तरी अवजड सामान हलकं होत नाही, उलट उचलायला दोन माणसं जास्त लागतात. ‘घोर’ आणि ‘अघोरी’ दोन्ही भयंकरच. आणि ‘अफाट’मधला ‘अ’ काढून ‘फाट मैदान’ कुणी म्हणत नाही.

वैदेहीताई, तुमची खरी अडचण वेगळी आहे. विरुद्धार्थी शब्द सुट्या विशेषणाला नसतो, तो विशेषण आणि नाम या जोडीला असतो. ‘कच्चा’च बघा. कच्चा आंबा असेल तर पिकलेला, कच्ची भाजी असेल तर शिजलेली, कच्चं दूध असेल तर तापवलेलं, कच्ची वीट असेल तर भाजलेली. रस्ता कच्चा असेल तरच सरळ ‘पक्का’. मुलाने नुसत्या ‘कच्चा’पुढे ‘शिजलेला’ लिहिलं आणि तुमच्या उत्तरात ‘पक्का’ असेल, तर चूक प्रश्नाची. यादीत ‘कच्चा (रस्ता)’ असं छापा, निम्मी भांडणं मिटतील.

मीरा_नागपूर
आणि खेळातला कच्चा लिंबू? 😄

शब्दवेडा
त्याला विरुद्ध नाही. तिथे ‘कच्चा’ सुटा राहिलेलाच नाही, दोन शब्द मिळून एक नाव झालंय. असे शब्द यादीत घेऊच नयेत.

सोसायटी_सचिव
ओल्याच्या विरुद्ध सुका, यात चर्चा कसली? आमच्या गेटवर दोन डबे ठेवलेत, तरी लोक नारळाच्या करवंट्या कुठेही टाकतात. कुणी नियम सांगेल का?

दर्यावर्दी
सचिवसाहेब, करवंट्यांचं नंतर. मी मालवणचा. आमच्याकडे ताज्या मासळीला ओली म्हणतात, तिच्या विरुद्ध सुकी. तसंच ओलं खोबरं, सुकं खोबरं. पण ओला टॉवेल वाळला की कोरडा होतो. दुष्काळही ओला नाहीतर कोरडा, ‘सुका दुष्काळ’ कधी ऐकला नाही.

वैदेही_ठाणे
हे पटलं, नाम जोडते. पण खारट आणि तुरट? ‘तुरट आवळा’ लिहूनही गाडी पुढे सरकत नाही.

शब्दवेडा
त्यासाठी एक चाचणी करा: ‘हे नाही’ म्हटलं की ‘ते आहे’ ठरतं का? मासा जिवंत नाही म्हणजे मेलेला, मधे काही नाही. आमटी खारट नाही म्हणजे अळणी का? नाही, मिठाला बेताचीही असेल. तरी खारट-अळणी ही जोडी खरी, कारण दोन्ही मिठाच्या एकाच मापाची टोकं आहेत. तुरटपणाचं असं माप आहे, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला मराठीत शब्द नाही. आवळा तुरट नसेल तर तो नुसता तुरट नाही, बस. ‘गोड’ लिहिणारा मुलगा दुसरी चव सांगतोय, उलट नाही. जांभळ्याचंही तेच, तो रंगांच्या रांगेतला एक.

असे शब्द विरुद्धार्थीतून काढा आणि ‘गटात न बसणारा शब्द’ या प्रश्नात घाला: तुरट, आंबट, कडू, बोथट. मुलांना मजा येते. ‘अतुरट’ला मात्र शाबासकी द्या, गुण नका देऊ.

जाता जाता: आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. मराठीत येताना ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि त्याने घर बदललं.

बंडू_नाना
कडूच्या विरुद्ध तरी गोडच ना? सगळ्या पुस्तकांत आहे.

शब्दवेडा
आठवणी कडू-गोड असतात, तिथे शंभर टक्के. कारल्याच्या बाबतीत मी अडखळतो. रूढ जोडी आहे, परीक्षेत चूक देऊ नये.

मीरा_नागपूर
तिखट राहिलं की. आमच्याकडे त्याच्या विरुद्ध ‘फिकं’. बिनतिखटाचं वरण म्हणजे फिकं वरण.

वैदेही_ठाणे
आमच्या घरी फिका म्हणजे रंग उडालेला. तिखट नसलेल्या भाजीला सासूबाई ‘मिळमिळीत’ म्हणतात, पण त्यात टोमणाही येतो.

दर्यावर्दी
आमच्याकडे ‘सपक’. त्यातही टोमणाच, आणि मीठ कमी असलं तरी तोच शब्द.

शब्दवेडा
‘सौम्य’ चालेल, पण तो छापील शब्द. जेवताना कुणी ‘रस्सा सौम्य झालाय’ म्हणत नाही. इथे माझं एकमत माझ्याशीच होत नाहीये.

वैदेही_ठाणे
मग तिखटापुढे रिकामी जागा ठेवते आणि ‘तुमच्या घरी काय म्हणतात?’ असं लिहिते. आता सांगा, ‘झणझणीत’ वेगळा धरू की तिखटातच?