शेवट ढिला, कारण दावा ढिला
"लेख लिहिताना मुद्दा आणि आकडे जमतात, पण शेवटी 'सर्वांनी विचार करायला हवा' हेच लिहिलं जातं."

खोट बहुतेकदा दाव्यात असते. ‘वाचनालयं जगली पाहिजेत’ हे कुणीच नाकारत नाही, म्हणून शेवटी मागायला काही उरत नाही. तेच ‘वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा’ असं लिहा. मग पुरावा कोणता हवा तेही कळतं: सहानंतर किती जण बंद दारावरून परततात? तीन दिवस तिथे उभं राहून मोजा. जादा कर्मचाऱ्याच्या पगाराच्या आक्षेपाला शेवटाच्या आधीच उत्तर द्या. अखेरच्या परिच्छेदात नवा आकडा आला की वाचक पुन्हा वाद घालू लागतो.

माझा असा लेख बंद वाचनालयाच्या पायरीवर फोनच्या उजेडात वाचणाऱ्या मुलीपाशी थांबला. पुढची दोन वाक्यं संपादकांनी कापली, ते योग्यच होतं.